फाईलचं नाव वाचून फोटो दिसत नसतो

«मेसेजला उत्तर देणाऱ्यांनी लक्षात ठेवा! १) ग्राहक 'वरचा फोटो बघा' म्हणाला आणि फोटो दिसत नसेल तरी तसं कधीच सांगू नका, दुकानाची इज्जत जाते. २) फाईलच्या नावातच निम्मं उत्तर असतं, नावावरून ओळखा. ३) लिंक आली म्हणजे फोटो आलाच. ४) अगदीच अडलं तर 'फोटो क्लिअर नाही' म्हणा. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.»

हे माझ्याकडे तीन ग्रुपवर आलं, तिन्ही वेळा सोडून दिलं. चौथ्यांदा ते भाचीकडून आलं आणि खाली तिचा प्रश्न होता: "मामा, मालक म्हणतात असंच करायचं. करू का?" ती कोल्हापुरात खतं-औषधांच्या एका दुकानात शेतकऱ्यांच्या मेसेजना उत्तरं देते. कृषीची पदविका झालेली पोरगी आहे, उसातलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला कळतं ते फायलींचं, कारण वीस वर्षं ऑफिसांचे ईमेल आणि कॉम्प्युटर सांभाळण्यातच गेली. म्हणून हे लिहायला बसलो.

सगळ्यात घातक मुद्दा दुसरा, आधी तोच घेतो.

भाचीसमोर येतं ते असं. शेतकऱ्यांचे मेसेज मालकांच्या फोनवर येतात. मालक संध्याकाळी व्हॉट्सअॅपचं चॅट एक्स्पोर्ट करतात आणि त्यातली फक्त टेक्स्ट फाईल हिला पाठवतात. फोटो मालकांच्या फोनमध्येच राहतात. त्यांच्या जागी हिला अशा ओळी दिसतात:

```
IMG-20250708-WA0004.jpg (file attached)
mava_1.jpg (file attached)
वरचा फोटो बघा, काय मारू सांगा
```

मालकांनी एक्स्पोर्ट करताना फोटो वगळले असते, तर नावही आलं नसतं, नुसतं `<Media omitted>` आलं असतं. खरं तर ते परवडलं. तिथं निदान कुणी अंदाजाचा खेळ तरी मांडत नाही.

आता पहिलं नाव बघा. त्यातली तारीख फोटो काढल्याची, असं सगळे धरून चालतात. ती तशी नसते. अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅप हे नाव स्वतः देतं, आणि त्यातली तारीख त्या फोनवर तो फोटो पाठवला किंवा आला त्या दिवसाची असते. WA0004 म्हणजे त्या फोनवरचा त्या दिवसाचा अनुक्रमांक. मे महिन्यात काढलेला फोटो पाहुण्यांनी जुलैत पुढे पाठवला, तर नावात जुलै येणार. तेवढ्यावर "आठ जुलैची लक्षणं म्हणजे पावसाची सुरुवात" असं निदान सुरू करायला आपण काय पंचांग घेऊन बसलोय?

यातून आणखी एक भानगड होते आणि ती अनुभवल्याशिवाय लक्षात येत नाही. हे नाव मालकांच्या फोनवरचं आहे. शेतकऱ्याच्या फोनवर त्याच फोटोचं नाव वेगळं असणार. भाचीने एकदा प्रामाणिकपणे विचारलं होतं, "दादा, IMG-20250708-WA0004 परत पाठवा." तो बिचारा अर्धा तास गॅलरी चाळत बसला आणि शेवटी वैतागून म्हणाला, असला फोटो माझ्याकडं नाहीच. त्याचं बरोबर होतं. अशा वेळी नाव सांगू नये, वेळ सांगावी: "मंगळवारी सकाळी सव्वादहाला तुम्ही जो फोटो टाकला होता, तो."

दुसरं नाव जास्त फसवं, कारण ते माणसाने दिलंय. शेतकऱ्याच्या मुलाने फोटो चांगला दिसावा म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवला, त्यामुळे त्याने दिलेलं नाव तसंच टिकलं. पण आपली माणसं मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात. `kid_1.jpg` ही कीड की कुणाचं पोर? `tambda.jpg` म्हणजे नुसतं तांबडं पान, की घाईत लिहिलेला तांबेरा? आणि `mava`चं काय सांगावं! पानावरचा मावा, पेढ्याचा मावा आणि पानपट्टीवरचा मावा, तिन्ही याच चार अक्षरांत बसतात.

बरं, उसाच्या भागातल्या दुकानात आलेला मावा म्हणजे लोकरी मावाच, हे मान्य. नाव अगदी बरोबर आहे असं धरू. तरी उत्तर मिळतं का? इथं भाचीने मला शिकवलं ते सांगतो. २००२ च्या सुमारास लोकरी माव्याने पश्चिम महाराष्ट्रात उसाचा पार खेळखंडोबा केला होता, ते जुन्या लोकांना आठवत असेल. तो पानाच्या खालच्या बाजूला बसतो, पांढऱ्या लोकरीसारखा दिसतो, आणि त्याचा चिकट स्राव खालच्या पानांवर पडून तिथं काळी बुरशी धरते. पण त्याला खाणारे किडेही आहेत, डिफा आणि मायक्रोमस. डिफाची अळी त्या लोकरीतच राहून मावा फस्त करते. अशा अळ्या पानावर चांगल्या संख्येने दिसत असतील, तर फवारणी करायची नसते, कारण औषधाने मावा मरो न मरो, त्याला खाणारे आधी मरतात. म्हणजे "काय मारू?" या प्रश्नाचं खरं उत्तर "काही मारू नका" असंही असू शकतं, आणि ते ठरतं लोकरीत अळी आहे की नाही यावर. ही गोष्ट फोटोत नाहीतर पानावरच दिसते. `mava_1.jpg` या नावात ती कुठून येणार? नाव शंभर टक्के खरं असूनही त्यावरून दिलेला सल्ला शेतकऱ्याला फवाऱ्याच्या खर्चात घालणारा आणि वर मित्रकीटक मारणारा ठरतो.

हा माझा एकट्याचा तर्क नाही. ईमेलला जोडलेल्या फाईलचं नाव कसं पाठवायचं हे सांगणारा आरएफसी २१८३ हा १९९७ सालचा तांत्रिक दस्तऐवज आहे. त्यात या नावाला 'सुचवलेलं नाव' असंच म्हटलंय आणि घेणाऱ्या प्रोग्रामने ते डोळे झाकून वापरू नये असं बजावलंय. तिथं कारण सुरक्षेचं आहे, ते वेगळं. पण नाव ही पाठवणाऱ्याची सूचना आहे, आतल्या मालाची हमी नाही, हे यंत्रांनासुद्धा पंचवीसहून जास्त वर्षांपूर्वीच सांगून झालंय.

आता थोडं नाइलाजाने कबूल करतो. नावातून अजिबात काही कळत नाही असं नाही. `Screenshot` ने सुरू झालं तर तो शेतातला थेट फोटो बहुधा नसतो, कुणीतरी पडद्यावरून उचललेला असतो, आणि हे विचारून घेण्यासारखं आहे. `20250708_101530.jpg` असं असेल तर बहुतेक कॅमेऱ्यानेच तारीख-वेळ घातलीय. पण तिथंही फसगत आहेच. गूगलच्या पिक्सेल फोनवर `PXL_20250708_043015123.jpg` दिसलं म्हणून कुणी पहाटे साडेचारला शेतात गेलं नव्हतं. ती आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ असते, आपल्याकडे तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. तेव्हा नावाचा उपयोग पुढचा प्रश्न विचारण्यापुरता करावा. उत्तर त्यावर उभं करू नये.

तिसरा मुद्दा, लिंक. हा पटकन आटपतो. लिंक म्हणजे पत्ता, आणि पत्ता हातात आला म्हणून दार उघडं मिळत नाही. गूगल ड्राइव्हवरची फाईल मुळात खाजगी असते. फाईल ज्याची आहे त्याने परवानगी दिली नसेल तर लिंक दाबणाऱ्याला परवानगी मागणारं पानच दिसतं. गूगल फॉर्मवरून आलेल्या फोटोंचंही तेच. शीटमध्ये लिंक दिसते, फोटो मात्र फॉर्म बनवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये असतात. `file:///` किंवा `content://` ने सुरू होणारी ओळ आली, तर ती पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या फोनमधली किंवा कॉम्प्युटरमधली जागा आहे, ती दुसरीकडे कधीच उघडणार नाही. कुणाला परवानगी बदलायला सांगायचं आणि कुणाला फोटो नव्याने पाठवायला सांगायचं, हे लिंक वाचून ठरवता येतं. उपयोग झालाच तर एवढा.

चौथ्या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. फोटो पाहिलाच नाही आणि "क्लिअर नाही" म्हणायचं! हे खोटं तर आहेच, वर ते शेतकऱ्याला कामाला लावतं. तो भर उन्हात परत बांधावर जाऊन दुसरा फोटो काढतो, तोही त्याच वाटेने पाठवतो, आणि इकडे पुन्हा नावच येतं. बिघाड आपल्या टोकाला आणि खेटे त्याला.

राहिला पहिला मुद्दा, इज्जतीचा. "तुम्ही फोटो पाठवला नाही" असं म्हटलं तर माणूस दुखावतो, हे खरं. त्याने पाठवलेला असतो, त्याच्या फोनवर तो दिसतही असतो. पण "पाठवला नाही" आणि "माझ्यापर्यंत पोचला नाही" यात फरक आहे. दुसरं म्हणायला कसली लाज? काय दिसतंय ते जसंच्या तसं सांगायचं, परत पाठवायची एकच सोपी वाट द्यायची, आणि फोटो येईपर्यंत शब्दांत सांगता येतील अशा एखाद-दोन गोष्टी विचारायच्या. भाचीला मी हे लिहून दिलं. तिने त्यातली माझी कॉम्प्युटरची भाषा काढून टाकली आणि मालकांना न विचारताच पाठवलं:

"नमस्कार दादा. तुमचा फोटो माझ्यापर्यंत पोचला नाही, मला इथं फक्त mava_1.jpg एवढं नाव दिसतंय. चूक तुमची नाही, आमच्याकडं मेसेज पुढं येताना फोटो गळतोय. तोच फोटो या नंबरवर थेट पाठवाल का? तोवर एवढं सांगा: पांढरी लोकर पानाच्या खालच्या बाजूला आहे का, आणि तिच्यात बारीक अळ्या हलताना दिसतात का? फोटो बघेपर्यंत फवारणी करू नका."

शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं, मला ते सुचलं नव्हतं. दुसरीकडे एक शेतकरी लागणीला किती दिवसांनी कोणतं खत द्यायचं असं विचारत होता आणि वर फोटो जोडल्याचं म्हणत होता. त्याला तिने फोटोसाठी थांबवलं नाही. उत्तर दिलं आणि खाली लिहिलं, "हे तुमच्या लिहिण्यावरून सांगतेय, फोटो बघितलेला नाही."

मावावाल्या दादांचा फोटो वीस मिनिटांत आला. आडवा, अर्ध्यावर अंगठा, आणि पानाची वरची बाजू. भाचीने लिहिलं, "आता दिसला. पान उलटं करून अजून एक पाठवा."