‘का आला नाहीत?’ हे कसं विचारावं

‘आमच्या वाचनालयाच्या ऑनलाइन व्याख्यानाला शंभरावर लोकांनी नाव नोंदवलं, आले त्यातले निम्मेही नाहीत. न आलेल्यांना ईमेल करावी असं माझ्या मनात आहे. कारण विचारलं तर लोक दुखावतील का? आणि रेकॉर्डिंग असंच दिलं तर पुढच्या वेळी कोण येईल, असं आमचे कार्यवाह म्हणतात.’ – साताऱ्याहून एक वाचक

ताई, रेकॉर्डिंग द्या, आणि पत्राच्या पहिल्या ओळीतच द्या. लिंक शेवटी ठेवली, किंवा ‘कारण कळवलंत तर लिंक पाठवू’ असं लिहिलं, की तो जाब होतो. मग लोक खरं कारण सांगत नाहीत, शोभेल असं कारण सांगतात.

मी दक्षिण जर्मनीत राहते आणि इथल्या एका छोट्या मराठी मंडळाचे कार्यक्रम बघते. ३० मार्च २०२५ला, पाडव्याच्या दिवशी, आम्ही मोडी लिपीवर एक ऑनलाइन व्याख्यान ठेवलं होतं. वक्ते पुण्याहून बोलणार होते, भारतातल्या संध्याकाळी सात वाजता. ८२ नोंदण्या झाल्या आणि झूमच्या अहवालात त्यातल्या ४५ जणांपुढे ‘No’ होतं. आमच्या बैठकीत लगेच तोच सूर लागला, जो तुमच्याकडे लागला असेल: फुकट मिळालं की किंमत राहत नाही. खजिनदार म्हणाले, पुढच्या वेळी पाच युरो घ्या, आलेल्यांना परत करा.

मंडळातल्या एक ताई नोकरीत रोज वेबिनार चालवतात. त्यांनी आधी ती यादीच हातात घेतली. झूम न आलेल्यांना आपोआप पत्र धाडू शकतं, पण ते त्यांनी बंद करायला लावलं. एका घरात नवरा, बायको आणि सासूबाई असं तिघांनी नाव नोंदवलं आणि एकाच टीव्हीवर एकाच लिंकवरून ऐकलं, तर अहवालात दोघं गैरहजर दिसतात. नोंदणी एका पत्त्यानं केली आणि दुसऱ्याच्या लिंकवरून आलात, तरी तेच. नावं ताडून पाहिली तर सात जण प्रत्यक्षात आलेले होते. जो तासभर बसून ऐकून गेला त्यालाच ‘तुम्ही आला नाहीत’ असं पत्र गेलं असतं! म्हणजे पत्रं लिहायची होती ३८.

पत्राच्या भाषेवर मात्र आम्ही बराच वेळ घालवला. इथे जर्मनीत न येणं कळवलं नाही तर माणसं खरोखर नाराज होतात. आधी न कळवता डॉक्टरची वेळ चुकवली तर काही दवाखाने पैसेही लावतात. त्यामुळे ‘का आला नाहीत’ हा प्रश्न इथे सरळ माहितीचा प्रश्न असतो. आपल्याकडे तसं नाही. ‘बघतो, जमलं तर येतो’ हा आपला सभ्य नकार आहे, आणि पुष्कळदा नाव नोंदवणं म्हणजे ‘चांगलं काम करताय, आमचं लक्ष आहे’ असं सांगणं असतं. वीस वर्षं इथे राहून मला हे लबाडीचं वाटत नाही. तो जिव्हाळा आहे. फक्त खुर्च्या मोजताना त्याचा उपयोग होत नाही.

आणि मराठीत ‘का आला नाहीत?’ कसंही म्हटलं तरी त्यात शाळेच्या बाईंचा आवाज येतो. पण आपल्याकडे ‘जमणं’ हे क्रियापद आहे. त्यात दोष कुणाचाच नसतो. आम्ही शेवटी हे लिहिलं:

‘नमस्कार. मोडीच्या व्याख्यानाचं रेकॉर्डिंग या लिंकवर आहे. मूळ विषय १२व्या मिनिटाला सुरू होतो, कागद वाचून दाखवणं ३५व्या मिनिटाला. त्या दिवशी आपली भेट झाली नाही असं दिसतं. आमची नोंद चुकली असेल तर माफ करा. जमलं नसेल तर कशामुळे, हे एका ओळीत कळवाल का? वेळ, लिंक, विषय, सणाची गडबड, काहीही असेल. पुढची वेळ ठरवताना उपयोग होईल. नाही कळवलंत तरी काही हरकत नाही.’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे पत्र गेलं. फार उशीर केला तर लोकांना आपण काय करत होतो हे आठवत नाही. प्रत्येकाला वेगळं पाठवलं. एकत्र पाठवणार असाल तर सगळे पत्ते `Bcc` मध्ये घाला, नाहीतर न आलेल्यांची यादी तुम्हीच गावभर वाटाल. वक्त्यांची परवानगी आधी घेतली होती आणि श्रोत्यांचे प्रश्न कापून टाकले होते. इथे एखाद्याचं खासगी बोलणं न विचारता ध्वनिमुद्रित करणं हा फौजदारी गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी ते कापलं असतं.

अकरा उत्तरं आली. लेस्टरच्या एका बाईंनी लिहिलं की त्या रविवारी ब्रिटनमध्ये मातृदिन होता, मुलांनी जेवायला नेलं होतं. एका आजोबांना वाटलं, आम्ही त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलंय. त्यांनी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची सगळी हकीकत लिहून ती कुणाला ऐकवू नका अशी विनंती केली. मी त्यांना फोन केला.

पण सहा जणांनी एकच गोष्ट लिहिली: ‘अडीचला आलो, पंधरा मिनिटं थांबलो, कार्यक्रम सुरूच झाला नाही.’

चूक माझी होती. आमंत्रण मी मार्चच्या सुरुवातीला लिहिलं, तेव्हा भारत आणि जर्मनीत साडेचार तासांचं अंतर होतं, म्हणून पोस्टरवर ‘जर्मनीत दुपारी २:३०’ छापलं. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, आणि २०२५मध्ये तो रविवार म्हणजे नेमका पाडवा. त्या पहाटेपासून अंतर साडेतीन तासांचं झालं. कार्यक्रम इथल्या साडेतीनला होता. ही माणसं आमच्याच शब्दावर विसंबून आली आणि रिकाम्या पडद्यासमोर बसून गेली. आम्ही बैठकीत त्यांना बेफिकीर म्हटलं होतं. त्या सहा जणांना मी स्वतंत्र पत्र लिहून क्षमा मागितली.

तुमचे कार्यवाह अगदीच चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही. रेकॉर्डिंग मिळणारच म्हणून थेट न येणारे असतात. पण रेकॉर्डिंग दिलं नाही म्हणून ते येतील याची काही खात्री नाही, आणि ज्यांना खरोखर जमलं नाही ते मात्र दुरावतील. आमच्याकडे २७ जणांनी उत्तर दिलंच नाही. विसरलेले, कंटाळलेले, विषय न आवडलेले बहुधा त्यातच असणार. सांगण्यासारखं कारण असलेलेच सांगतात, म्हणून अकरा उत्तरांवरून सगळ्यांचा निष्कर्ष काढू नका.

तुमच्या गावात आणखी एक अडचण येईल. अनेकांनी फॉर्ममध्ये जो ईमेल दिलाय तो ते उघडतच नाहीत. तिथे हाच मजकूर एकेकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, गटावर नको. फोन मात्र करू नका, कारण समोरच्याला तिथल्या तिथे काहीतरी सांगावं लागतं.

खजिनदारांचा पाच युरोंचा आग्रह अजून कायम आहे. भारतातून नाव नोंदवणाऱ्यांनी ते कसे भरायचे, यावर आमचं अजून ठरलेलं नाही.