बॅक ट्रान्सलेशन जुळलं म्हणजे झालं का?

"डिप्रेशन तपासायची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ प्रश्नावली मराठीत केली, परत इंग्रजीत केली, जुळली, आता बिनधास्त वापरा."

नाही हो, तेवढ्यावर नाही चालत. सातवा प्रश्न बघा, पेपर वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष लागत नाही का. हा परत इंग्रजीत अगदी तस्साच जातो, पण जी बाई पेपर वाचतच नाही ती सरळ "नाही" म्हणते आणि शून्य मार्क पडतो, लक्ष लागत नसलं तरी. हे पकडायचं तर प्रत्येक प्रश्नानंतर विचारायचं, तुम्हाला काय समजलं, असं उत्तर का दिलंत. मग उदाहरण बदला, तांदूळ निवडताना, हिशोब करताना वगैरे, मुद्दा लक्ष लागण्याचाच ठेवा. आणि एकूण १० किंवा जास्त मार्क म्हणजे डिप्रेशनची शक्यता, हा कटऑफ अमेरिकन पेशंटवरून आलाय, तोही इथल्या डॉक्टरांनी पेशंटच्या घेतलेल्या मुलाखतीशी ताडून बघावाच लागतो.