महिन्याला दहा बातम्या, त्यातली एक वाचलेली

नवी पेठेतल्या एखाद्या सलूनमध्ये एकच पेपर दिवसभर पुरतो. क्रीडापान एकाच्या हातात, पुरवणी दुसऱ्याच्या, आणि नंबर लागेपर्यंत तिसरा अग्रलेखावर शाई सांडल्यासारखा चेहरा करून बसलेला. किती जणांनी वाचला, हे कुणी मोजत नाही. डिजिटल वर्गणीच्या अटी लिहिणारा माणूस अशा सलूनमध्ये कधी बसला नसावा, असा मला दाट संशय आहे.

‘महिन्याला दहा बातम्या मोफत’ हेच बघा. यातला महिना कॅलेंडरचा असेलच असं नाही. काही ठिकाणी तो तुमच्या पहिल्या टिचकीपासून तीस दिवसांचा धरतात. बारा तारखेला सुरुवात केली असेल, तर एक तारखेला ताज्या दहा बातम्यांची वाट बघत बसलेला माणूस अकरा दिवस उपाशीच राहतो. वाचणं म्हणजे काय, हेही त्यांचं वेगळं. मथळा उघडला की एक गेली. बातमी तीन ओळींची निघाली आणि तुम्ही कपाळावर हात मारून लगेच बंद केली, तरी गेली.

लॉगिन न करता वाचत असाल, तर ही मोजदाद बहुधा ब्राउझरमधल्या कुकीत असते. म्हणून फोनचे दहा वेगळे, संगणकाचे दहा वेगळे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून उघडलेल्या दुव्याचा हिशोब कधी कधी तिसऱ्याच खात्यावर. हे कळल्यावर माणूस चलाख होतो, कुकी पुसतो. मग संकेतस्थळ म्हणतं, मोफत नोंदणी करा. नंबर दिलात की मोजदाद त्यांच्या सर्व्हरवर गेली. आता खुशाल पुसत बसा.

शेवटी वर्गणी भरली, तरी एक प्रश्न उरतोच: वाचणार कोण? समजा, जुळे सोलापुरातलं एक घर. वर्गणी आप्पांच्या नंबरवर, मुलगा पुण्यात, सूनबाई इथं. अट अशी, की एका वेळी दोनच उपकरणं. तिसरं आत शिरलं की काही व्यवस्था सगळ्यात जुन्या लॉगिनला बाहेर काढतात. आता घरात सगळ्यात आधी पेपर उघडणार कोण? आप्पा. म्हणजे ज्यांच्या पैशानं वर्गणी, तेच उंबऱ्याबाहेर. आप्पा परत आत शिरले की मुलगा बाहेर. त्याला परत आत यायचं तर ओटीपी आप्पांच्या फोनवर, आणि आप्पा कंबर तलावावर फिरायला, फोन घरी चार्जिंगला.

यात एक चोर हमखास असतो: जुना फोन. विकला, कुणाला दिला, पण लॉगआउट केलं नाही, तर तो एक जागा अडवून बसतो. खात्यात ‘उपकरणं’ असा भाग असतो. तिथं ओळखीचं न वाटणारं नाव दिसलं की काढून टाका, किंवा सरळ सगळीकडून एकदम लॉगआउट व्हा.

संग्रहाची अट मात्र पैसे भरण्याआधीच वाचावी, कारण ती गरज पडते तेव्हा फार उशीर झालेला असतो. होटगी रोडच्या एका प्लॉटची जाहीर नोटीस दोन महिन्यांपूर्वी छापून आली होती आणि वकिलांना तिचं पान हवंय, असं धरा. संकेतस्थळावर कितीही शोधा, सापडणार नाही. तिथं बातम्या असतात. नोटिसा, निधनवार्ता, छोट्या जाहिराती बहुधा फक्त ई-पेपरच्या पानावर. आणि ई-पेपरचा संग्रह साध्या वर्गणीत कित्येकदा तीसच दिवस मागे जातो. मुदतीत असलात तरी आधी आवृत्ती निवडा. पुण्याची आवृत्ती उघडून सोलापूरची नोटीस शोधणारे कमी नाहीत. शोधपेटीवरही विसंबू नका. ई-पेपरचं पान कित्येकदा नुसतं चित्र असतं, आणि जुन्या पीडीएफमधली मराठी युनिकोडपूर्व फाँटची. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला आणि भलतीच अक्षरं उमटली, तर ओळखा, की इथं पान न् पान डोळ्यांनीच चाळायचंय.

छापील आणि डिजिटल जोडयोजना स्वस्त दिसते, पण तिचे दोन बैल वेगवेगळ्या वेळी जुंपले जातात. डिजिटल पैसे भरल्या क्षणी सुरू, आणि छापील अंक पेपरवाल्याकडे चिठ्ठी पोचल्यावर. दोन्हींच्या संपण्याच्या तारखा वेगवेगळ्या विचारून लिहून ठेवा. गावाला जाताना पेपरवाल्याला सांगून अंक थांबवता येतो, डिजिटलचे दिवस मात्र जळतच राहतात.

अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद झाली, असं तर मुळीच समजू नका. खात्यातून नूतनीकरण थांबवायचं, आणि यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन ऑटोपेचा मँडेटही रद्द करायचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याआधी किमान 24 तास सूचना यावी लागते, आणि ती येतेही. आप्पांच्या फोनवर. आप्पा तिला ओटीपी समजून मुलाला पाठवतात आणि फिरायला निघून जातात.