फॉरेनच्या बिलाला पेमेंटच्या दिवसाचा रेट? नाही जमत भाऊ

"फॉरेनचं बिल आलं की टोटलचा आकडा उचला, $ दिसला म्हणजे डॉलर, आणि पेमेंटच्या दिवशी बँकेने जेवढे रुपये कापले तेवढ्यालाच एन्ट्री मारा. हिशोब जुळतो, रेट बघत बसायची गरज नाही."

नागपुरातल्या अकाउंटवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरून राहिला आहे आणि नवीन पोरं तो खरा मानून कामाला लागतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी आकडा. समजा बुटीबोरीच्या एका फॅक्टरीला मशीनच्या सर्व्हिसिंगचं जर्मनीहून बिल आलं, तारीख 01.03., रक्कम 12.480,00 EUR. जर्मनीत हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम, आपल्या उलट. पीडीएफमधून आकडा काढणाऱ्या सॉफ्टवेअरने तो आपल्या भारतीय पद्धतीने वाचला तर ते बारा युरो अठ्ठेचाळीस सेंट धरतं आणि कुठेच एरर येत नाही. पकडायचं कसं, तर वरच्या लाइन आयटमची बेरीज करून टोटलशी ताडायची नाही, कारण ते आकडेही तसेच चुकीचे वाचलेले असतात अन् बेरीज बरोब्बर जुळते, त्यापेक्षा परचेस ऑर्डरची रक्कम समोर ठेवा, हजार पटीचा फरक लगेच दिसतो. तारखेचंही तसंच, हेच बिल अमेरिकेचं असतं आणि 01/03 लिहिलं असतं तर ती 3 जानेवारी झाली असती, म्हणजे रेटच दोन महिने आधीचा लागला असता.

आता $. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, सिंगापूर, हाँगकाँग सगळेच हे चिन्ह छापतात. ¥ जपानचा येनही असतो आणि चीनचा युआनही. म्हणून चिन्हावर नाही जायचं, बिलावर USD, SGD, AUD असा तीन अक्षरी कोड शोधायचा, आणि तो Amount Due च्या त्याच ओळीतून आकड्यासोबतच उचलायचा, कारण काही बिलांवर टोटल एका करन्सीत आणि टॅक्स दुसऱ्या करन्सीत लिहिलेला असतो. कोडच नसेल तर खालचे बँक डिटेल्स आणि काँट्रॅक्ट बघा, तरी कळलं नाही तर व्हेंडरला मेल टाका, पण अंदाजाने USD भरू नका.

सगळ्यात मोठा घोळ रेटचा आहे. एएस 11 असो की इंड एएस 21, व्यवहार ज्या तारखेला झाला त्या तारखेचा रेट लागतो, आणि काम झाल्याबरोबर बिल आलं असेल तर साधारणपणे ती बिलाचीच तारीख. आपल्या बिलाची 1 मार्च समजा शनिवारी आली, त्या दिवशी एफबीआयएलचा रेफरन्स रेट निघत नाही, मग आधीच्या कामाच्या दिवसाचा, म्हणजे शुक्रवारचा घ्यायचा आणि दरवेळी हाच नियम पाळायचा. तो रेट 90 रुपये धरू (आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेत). एन्ट्री अशी बसेल:

```
EUR | 12480.00 | 01-03 | 90.00 | INR 1123200.00
```

येनचं बिल असेल तर एक लक्षात ठेवा, तो रेट 100 येनचा असतो, भागायचं राहिलं की रक्कम शंभर पट.

31 मार्चला बिल थकीतच आहे आणि क्लोजिंग रेट 92 झाला, तर देणं 11,48,160 होतं, वाढलेले 24,960 त्या वर्षीच एक्स्चेंज लॉसमध्ये. 11 एप्रिलला 93.50 ने पेमेंट केलं, 11,66,880 गेले, आणखी 18,720 चा लॉस नवीन वर्षात. सर्व्हिसिंगचा खर्च मात्र 11,23,200 च राहतो, तो हलत नाही. मेसेजवाल्या पद्धतीने गेलात तर बँक जुळेल, ती जुळणारच, पण मार्चमध्ये झालेल्या कामाचा खर्च पूर्णच्या पूर्ण पुढच्या वर्षात जाईल आणि 43,680 चा करन्सी लॉस सर्व्हिसिंगच्या खर्चात मिसळून जाईल, वर बँकेचे चार्जेस त्यातच दडतील ते वेगळेच. मालक विचारेल की सर्व्हिसिंग एवढी महाग कशी काय पडली, तेव्हा दाखवायला काहीच नसतं.

दोन ठिकाणी बिलाच्या तारखेचा रेटही डोळे झाकून लावायचा नाही. ऍडव्हान्स दिला असेल तर तेवढ्या भागाला ऍडव्हान्स दिला त्या दिवसाचा रेट. आणि जीएसटीच्या व्हॅल्यूला रूल 34 प्रमाणे टाइम ऑफ सप्लायच्या तारखेचा रेट, ती तारीख बिलाच्या तारखेपेक्षा वेगळी येऊ शकते, म्हणून जीएसटीच्या रेटसाठी एन्ट्रीत वेगळा कॉलम ठेवा, बुक्सचा रेट तिथे कॉपी करू नका.