खुलासा: साखर, मीठ आणि सल्फेटच्या उत्कलनबिंदूचा मेसेज

"सारख्या मोलॅलिटीच्या द्रावणांत साखरेचं पाणी सगळ्यात जास्त तापमानाला उकळतं, कारण तिचा रेणू सगळ्यात जड."

रत्नागिरीतल्या बारावीच्या ग्रुपांवर फिरतंय हे, पण क्रम उलटा आहे. वजन नाही, पाण्यात कण किती सुटतात ते बघायचं. साखरेचा रेणू अख्खाच राहतो म्हणजे एक कण, मिठाचे दोन आयन होतात आणि सोडियम सल्फेटचे तीन, दोन सोडियमचे नि एक सल्फेटचा. पाण्याचा उत्कलनबिंदू वाढीचा स्थिरांक 0.512, त्याला मोलॅलिटी आणि कणांच्या संख्येने गुणलं की वाढ मिळते, म्हणून 0.1 मोलल द्रावणं आपल्या किनाऱ्यावर, जिथे पाणी साधारण 100 अंशाला उकळतं, तिथे अंदाजे 100.05, 100.10 आणि 100.15 अंशांना उकळतील. प्रत्यक्षात आयन एकमेकांना थोडे धरून ठेवतात त्यामुळे मीठ आणि सल्फेटची वाढ जरा कमी भरते, क्रम मात्र तोच. फरक इतका बारीक की घरच्या थर्मामीटरवर दिसणारच नाही, उगाच टोप तापवत बसू नका.

हां, सल्फेट कुठलं ते वाचा हं! मॅग्नेशियम सल्फेट असेल तर कागदावर दोनच कण, म्हणजे मिठाशी बरोबरी, आणि खरं तर त्याचे आयन इतके घट्ट जोड्या करतात की ते मिठाच्याही खाली राहतं.

तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.