‘प्रत्येक’ की ‘बहुतेक’?

“भाऊजी, तुम्ही तिकडून घोकंपट्टीला नावं ठेवता. इकडे आपली पोरगी लातूरला खोली घेऊन एनसीईआरटीची ओळन् ओळ पाठ करतेय. तिला थांबवू का? आणि तिकडच्या पोरांना डॉक्टर व्हायला काहीच पाठ करावं लागत नाही का?”
(चोपड्याहून वहिनी, घरच्या ग्रुपवर)

थांबवू नका, वहिनी. या वर्षी तर नकोच. ती करतेय ते त्या पेपरच्या हिशोबाने बरोबरच आहे. माझी तक्रार पोरीबद्दल नाही, पेपरबद्दल आहे.

मी उत्तर लिहीपर्यंत ग्रुपवर आप्पांचा भलामोठा मेसेज येऊन पडला होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, सगळं त्यांना अजून तोंडपाठ आहे, त्या जोरावर त्यांनी महसूल खात्यात तीस वर्षं काढली आणि आजची पोरं कॅल्क्युलेटरशिवाय भाजीचा हिशोब करू शकत नाहीत, असा त्याचा मथितार्थ. शेवटी अहिराणीत ठोकून दिलं, “जो पाठ करस तोच टिकस.” वहिनींनी विचारलं होतं वेगळंच, पण आप्पांना कोण सांगणार? शिवाय पाढ्यांच्या बाबतीत त्यांच्याशी माझं भांडण नाही. दिडकी पाठ असली की हिशोब पटकन होतो, पाठ केलेलं कामाला येतं. माझा प्रश्न इतकाच आहे की, पाठ केलेलं वाक्य चुकीचं निघालं तर काय होतं? हे नीटमध्ये एकदा झालेलं आहे, तेही आख्ख्या देशासमोर.

मे 2024 च्या नीटच्या भौतिकशास्त्रात दोन विधानांचा एक प्रश्न होता. पहिलं विधान, अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो कारण त्यात धन आणि ऋण प्रभार सारखेच असतात. याबद्दल वाद नाही. दुसरं विधान, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि ते स्वतःचा वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. बारावीच्या एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत हे वाक्य जवळपास असंच होतं. नव्या आवृत्तीत ‘प्रत्येक’च्या जागी ‘बहुतेक’ आलं. थोरल्या भावाचं जुनं पुस्तक वापरणाऱ्या पोराने दुसरं विधान बरोबर धरलं, नवं विकत घेतलेल्याने चूक. परीक्षा घेणाऱ्यांनी आधी एकच उत्तर जाहीर केलं, मग जुन्या पुस्तकाचा मान राखून दोन्ही उत्तरांना चार-चार गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने दिल्लीच्या आयआयटीच्या संचालकांना तीन तज्ज्ञ नेमायला सांगितले. तज्ज्ञांनी दुसऱ्या दिवशी कळवलं की दुसरं विधान चूक आहे, कारण किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात. चार लाखांहून जास्त पोरांचे पाच-पाच गुण गेले, मिळालेले चार आणि वर चुकीचा एक वजा. 720 पैकी 720 मिळवणारे 61 होते, ते 17 उरले.

आता मी करतो काय ते सांगतो, म्हणजे हा प्रश्न माझ्या इतका डोक्यात का बसलाय ते कळेल. जर्मनीतल्या एका रुग्णालयाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात मी भौतिकतज्ज्ञ आहे. सकाळी साडेसहाला शिशाच्या भिंतीआडच्या एका डब्यातून मिठाचं पाणी ओढून आम्ही पेशंटच्या तपासणीसाठी टेक्नेशियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य काढतो. याला इथले लोक चक्क ‘दूध काढणं’ म्हणतात, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या गोठ्यातली गाय आठवली होती. हे टेक्नेशियम सहा तासांत निम्मं होतं, म्हणून सकाळी काढलेलं संध्याकाळच्या पेशंटला पुरत नाही. मूलद्रव्य क्रमांक 43. त्याचा एकही समस्थानिक स्थिर नाही. म्हणजे ‘प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर’ हे वाक्य मी रोज सकाळी सिरिंजमध्ये भरून खोटं ठरवतो.

एवढ्यावर थांबलो तर तज्ज्ञ बरोबर, जुनं पुस्तक चूक, विषय संपला. पण गंमत पुढे आहे. त्याच टेक्नेशियमचा स्वतःचा वर्णपट आहे, म्हणजे प्रकाशातल्या त्याच्या ठरावीक रेषा. 1952 मध्ये मेरिल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला काही लाल ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्नेशियमच्या रेषा सापडल्या आणि त्यावरून कळलं की ताऱ्यांच्या पोटात नवी मूलद्रव्यं तयार होत असतात. म्हणजे जे टिकत नाही तेही आपली सही करून जातं.

अंमळनेरला मला बारावीला शिकवलेले सर आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना फोन लावला आणि प्रश्न वाचून दाखवला. सर म्हणाले, “अरे, हा धडा कुठला ते बघ ना. हा बोरच्या अणूचा धडा आहे, किरणोत्साराचा नाही. इथे ‘स्थिर’चा अर्थ वेगळा.” मग फोनवरच फळा घेतल्यासारखे सुरू झाले. रदरफोर्डच्या अणूत इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतो. फिरणारा प्रभार ऊर्जा बाहेर टाकतो. ऊर्जा गेली की त्याने गिरकी घेत केंद्रकात कोसळायला हवं, आणि तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत. तसं होत नाही, अणू उभा राहतो. तो का उभा राहतो, याचं उत्तर बोरने 1913 मध्ये दिलं. त्या धड्यातलं ‘स्थिर’ म्हणजे इलेक्ट्रॉन कोसळत नाही एवढंच. त्या अर्थाने युरेनियमचा अणूही स्थिर. केंद्रक फुटतं की नाही, हा पुढच्या धड्याचा विषय.

म्हणजे ज्या पोराने धडा खरंच समजून घेतला, त्याला दोन्ही उत्तरांची बाजू मांडता आली असती. आणि नेमका तोच पेपरमध्ये अडकला असता. ज्याने ओळ पाठ केली, मग जुनी असो की नवी, तो पाच सेकंदांत गोल काळा करून पुढे गेला.

मी सरांना विचारलं, मग बरोबर कोण? ते म्हणाले, “प्रश्न चूक.” मला तसं पूर्ण वाटत नाही. ‘स्थिर’ शब्द धड्याबाहेर उभा केला तर तज्ज्ञांचं म्हणणं टिकतं. आमचं एकमत झालं नाही.

असा प्रश्न येतो कसा? काढणारे काही अडाणी नसतात. आता पेपर 180 प्रश्नांचा आणि 180 मिनिटांचा आहे. त्यातले 90 प्रश्न, म्हणजे 360 गुण, जीवशास्त्राचे. बसणारे वीस लाखांच्या वर, आणि एकेका गुणावर हजारो पोरं खोळंबलेली. उत्तर जाहीर झालं की प्रश्नामागे दोनशे रुपये भरून कुणीही आक्षेप घेऊ शकतो, आणि तिथे भागलं नाही तर कोर्ट आहेच. अशा वेळी प्रश्न काढणाऱ्याला पाठीशी एक भिंत लागते. ‘अमुक पानावर असं छापलंय’ ही सगळ्यात भक्कम भिंत. म्हणून प्रश्न पुस्तकाच्या वाक्यातून निघतो, म्हणून क्लासवाले ‘लाइन टू लाइन’ करून घेतात आणि म्हणून आपली पोरगी आकृतीखालची बारीक अक्षरंसुद्धा सोडत नाही. 2024 ला एवढंच झालं की पुस्तकाने स्वतःचीच ओळ बदलली आणि भिंतीला भेग पडली.

आता वहिनींचा दुसरा प्रश्न. इथे माझ्या टेबलाला टेबल लावून बसणाऱ्या सहकाऱ्याची मुलगी गेल्या वर्षी मेडिकलला लागली. तो म्हणाला, “आमच्याकडे पाठांतर नाही, आम्ही आकलन तपासतो.” अर्धं खरं आहे. इथे बारावीचे, म्हणजे ‘आबिटूर’चे गुण सर्वांत मोठे. ते दोन वर्षांच्या वर्गकामाचे आणि शेवटच्या परीक्षांचे, त्यात तोंडीसुद्धा असते. त्याशिवाय मेडिकलसाठी एक ऐच्छिक चाचणी आहे. तिच्यात पेशींची नावं विचारत नाहीत. लांब उतारा देतात, आलेख-तक्ते देतात आणि यावरून काय निघतं, काय निघत नाही, ते विचारतात. स्मरणशक्तीही तपासतात, पण कशी बघा: पंधरा काल्पनिक पेशंटची माहिती सहा मिनिटं वाचायला देतात, मध्ये दुसराच विभाग सोडवून घेतात आणि मग त्या पेशंटबद्दल विचारतात. म्हणजे लक्षात ठेवायची ताकद बघतात, कुठल्या पुस्तकाची कुठली आवृत्ती वाचली ते नाही.

उरलेलं अर्धं मी त्याला आठवण करून दिलं. त्याच मुलीला मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाअखेर दोन दिवसांत 320 बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे आहेत. त्यासाठी पोरं महिनोन् महिने जुने प्रश्न उपसतात आणि त्या प्रकाराला त्यांचा खास शब्द आहे, ‘क्रॉइत्सेन’, म्हणजे फुल्या मारणं. आपल्याकडे गोल काळे करतात, इथे फुल्या मारतात. फरक इतकाच की फुल्या मारून भागत नाही. नंतर परीक्षकांसमोर बसून तोंडी आणि प्रात्यक्षिक द्यावं लागतं, आणि तिथे ‘स्थिर म्हणजे कोणत्या अर्थाने?’ असं उलट विचारायची सोय असते.

मग आपल्याकडेही तोंडी ठेवा म्हणावं का? इथे मी कचरतो. वीस लाख पोरांची तोंडी घेणार कोण? आणि घेतली तर नंदुरबारच्या आश्रमशाळेतून आलेल्या पोरीसमोर बसलेला परीक्षक तिचं आडनाव विचारणारच नाही, याची हमी कोण देणार? ओएमआरच्या मशीनला आडनाव वाचता येत नाही. त्या मशीनने आपल्या भागातल्या कितीतरी पोरांना वशिल्याशिवाय मेडिकलला नेलंय, हे मी नाकारू शकत नाही. पण मशीन ठेवूनही प्रश्न बदलता येतो. ओळ ओळखायला लावण्याऐवजी पुस्तकात नसलेला तक्ता द्या, पेशंटच्या रक्ताचे आकडे द्या, त्यावर चार पर्याय द्या. उत्तर तरीही एकच राहतं आणि आक्षेप आला तर आकड्यांनी सिद्ध करता येतं. वेळ मात्र मिनिटाला एक प्रश्न असून चालणार नाही, प्रश्नांची संख्या कमी करावी लागेल. कमी प्रश्नांत एवढ्या पोरांना वेगळं कसं काढायचं, यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

रविवारी पुतणीशी व्हिडिओ कॉल झाला. टेक्नेशियमची गोष्ट तिने मन लावून ऐकली. ताऱ्यांचं ऐकून म्हणाली, “भारीच!” सरांचा ‘स्थिर’ही तिला लगेच कळला, उलट तिनेच विचारलं की मग टेक्नेशियमचा इलेक्ट्रॉन कोसळत नाही म्हणूनच त्याचा वर्णपट मिळतो ना? मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. एवढ्यात तिने खाली कुठेतरी पाहिलं, बहुधा घड्याळाकडे.

“काका, पण उद्या टेस्ट आहे. असा प्रश्न आला तर मी काय मारू?”

मी तिला पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं. मुखपृष्ठाचा कोपरा फाटलेला, आत निळ्या पेनाने दुसऱ्याच कुणाचं तरी नाव. म्हटलं, आतलं पान उलट आणि छपाईचं वर्ष वाच.