ॲडमिनभाऊंना मेसेज करण्यापूर्वी

जूनमध्ये तुम्ही तालुक्याच्या कृषी केंद्रातून कपाशीच्या दोन बॅगा आणल्या, बिलावर मोबाइल नंबर लिहून दिला आणि पोळा येईपर्यंत व्हॉट्सॲपच्या पाच ग्रुपांत जाऊन बसलात. पहिल्या ग्रुपात फवारणीचा सल्ला होता, तोवर ठीक होतं. मग ट्रॅक्टरचं एक्स्चेंज, मग हप्त्यानं प्लॉट, मग गुडघेदुखीचं तेल. आता तुम्हाला वाटतंय की ॲडमिनला सांगून नंबर काढून घ्यावा. घाई करू नका, आधी आमचं ऐका.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ग्रुप सोडणे. २०२२ पासून ग्रुप गुपचूप सोडता येतो, बाकी कोणाला सूचना जात नाही. फक्त ॲडमिनला जाते. म्हणजे ज्याला कळू नये असं वाटतं, नेमकं त्यालाच. शिवाय ग्रुप सुटतो, दुकानातल्या वहीतला तुमचा नंबर सुटत नाही. दिवाळीनंतर 'रब्बी सल्ला' निघेल तेव्हा त्याच वहीवरून तुम्ही पुन्हा आत.

तेव्हा मेसेज करायचाच असेल तर ग्रुपातच करा, सगळ्यांसमोर. 'कृपया अनावश्यक जाहिराती टाकू नये' असं लिहा. कोणाला म्हणालात, काय करायचं, कोणता नंबर, यातलं काहीच लिहू नका. खाली हात जोडल्याचं चित्र असावंच. पंधरा जण अंगठा दाखवतील, एक जण विचारेल 'काहून भाऊ, काय झालं?' आणि ट्रॅक्टरवाला तुमच्या मेसेजच्या खालीच नवी ऑफर टाकेल. मन हलकं होतं.

पण काही अडाणी लोक ॲडमिनला एकट्याला लिहितात आणि असं काहीतरी लिहितात:

'भाऊ नमस्कार. ज्या नंबरवरून लिहितोय तो मी जूनमध्ये बियाण्याच्या बिलासाठी दिला होता. तो तुमच्या सगळ्या जाहिरातीच्या ग्रुपांतून आजच काढा. दुकानाच्या यादीतून आणि ब्रॉडकास्टमधूनही खोडा. पुढे मला न विचारता कुठल्याच ग्रुपात टाकू नका, नंबर कोणाला देऊ नका. बिलाचं काही असलं तर फोन करा. काढला की कळवा.'

असा मेसेज चुकूनही पाठवू नका. यात ॲडमिनला 'मला वाटलं' म्हणायला जागाच राहत नाही. नंबर कोणता ते कळतं, तो कशासाठी दिला होता ते कळतं, आणि ग्रुपातून काढणं, यादीतून खोडणं व पुन्हा न टाकणं ही तीन वेगळी कामं आहेत हेही कळतं. आपण साधारण पहिलंच मागतो आणि दुसऱ्या हंगामात पुन्हा रडतो. 'काढला की कळवा' तर फारच वाईट, कारण मग त्याला खरंच काढावा लागतो.

खरी अडचण भाषेची नाहीच म्हणा. तुमच्याकडे त्या दुकानाची फवारणीच्या औषधाची उधारी आहे. कापूस विकल्याशिवाय ती फिटत नाही, आणि ज्याचं देणं आहे त्याला ब्लॉक कसं करणार? वरून युरियाची गाडी आली की पहिली बातमी त्याच्याच ग्रुपात पडते. गुडघ्याचं तेल सोसायचं ते त्या एका ओळीसाठी. मेसेजात 'युरिया आला की मला एकट्याला कळवा' अशी ओळ वाढवता येते, पण तेवढं सरळ बोलायचं म्हणजे शिष्टाचार मोडतो.

१९०९ वर तक्रार करू म्हणाल, तर जरूर करा. ती सोय जाहिरातीच्या कॉल आणि एसएमएससाठी आहे, व्हॉट्सॲपसाठी नाही. पण वेळ चांगला जातो.

शेजारचा कॉलेजातला पोरगा तुम्हाला Settings, Privacy, Groups असं करत नेईल आणि Everyone च्या जागी My contacts करून देईल. खुशाल करू द्या, कारण त्यानं काही बिघडत नाही. दुकानाचा नंबर तुम्ही 'कृषी केंद्र भाऊ' म्हणून सेव्ह करून ठेवलाय, म्हणजे ते तुमचे contact झाले आणि त्यांना दार उघडंच. त्यांचा ब्रॉडकास्टही त्यामुळेच पोचतो. नंबर सेव्ह नसता तर तो आलाच नसता.

पोरगा फारच हुशार निघाला तर मात्र तो My contacts except... निवडून भाऊच्या नावापुढे खूण करेल. मग भाऊला तुम्हाला थेट ग्रुपात टाकता येणार नाही. उधारीचा फोन चालू, मेसेज चालू, फक्त ग्रुपचं आमंत्रण वेगळं पाठवावं लागेल. ते तीन दिवसांत आपोआप मरतं. त्या तीन दिवसांत तुम्ही काहीही करायचं नाही. एवढं तर जमेल.